बाप्पाच्या वाळूतला झार

आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. खरा गणपती गावाला, कोकणात, मोठ्या काकांकडे. परळच्या चाळीतला हा आमचा म्हणजे गावाला जायला रजा न मिळालेल्या माणसांची सोय. वडील दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हापासून त्याला आणायचा आणि पोचवायचा मान माझ्या थोरल्या भावाचा. त्या वर्षी भाऊ तुरुंगात होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात उतरला आणि पोलिसांनी इतरांबरोबर त्यालाही उचलला. खालच्या मजल्यावर आई मान ताठ करून सांगायची, माझा लेक मुंबईसाठी आत गेलाय. वरच्या मजल्यावर, आमच्या खोलीत, दार लावून ती वहिनीला सुनवायची की तू घरात आलीस आणि माझा लेक आत गेला. एकाच तुरुंगाचे दोन अर्थ आई जिन्याच्या बारा पायऱ्यांत लावायची.

वहिनीला घरात येऊन जेमतेम सात महिने झाले होते. बोलायची कमी, कामाला वाघ. माहेर कणकवलीच्या पुढे कुठेतरी, मुंबईत नात्याचा म्हणून एक मामा, लालबागला. नवरा आत, सासू अशी, आणि बाजू घ्यायला दीर म्हणजे मी. मी काय लायकीचा होतो ते आता सांगतो.

मी गिरगावच्या बाजूला एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. हुद्दा लॅब असिस्टंट, काम बाटल्या पुसण्याचं. बेडूक आणायचे, झुरळं पकडायची, फॉर्मॅलिनमधल्या सापांचं पाणी बदलायचं. पण चाळीत मला कोण मान! पोरांच्या दृष्टीने मी शास्त्रज्ञ होतो आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या फंदात कधी पडलो नाही. देवधर्म, विटाळ, शकुन या सगळ्यांवर मी मोठमोठ्याने हसायचो. आई म्हणायची, मेल्या, ह्या बाटल्यांनी तुझी अक्कल पण खारवलीय.

तर विसर्जनाचा दिवस. दीड दिवसाचा गणपती जातो तो दिवस ऋषीपंचमीचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे व्रत बायकांचं. पाळीच्या दिवसांत नकळत कुठे शिवाशिव झाली असेल, तर तिच्या दोषातून सुटायचं म्हणून उपास करायचा आणि बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. आई दरवर्षी करायची. त्या दिवशीही ती ऋषीची भाजी खाऊन, सगळे दोष धुऊन, अगदी लखलखीत होऊन बसली होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुपारी आरती झाली. मी मूर्ती पाटावर घेतली आणि चाळीतले दोघे मित्र, झांजा, गुलाल असे आम्ही पूल ओलांडून प्रभादेवीच्या समुद्राकडे निघालो. वाटेभर 'गणपती बाप्पा मोरया' झालं की लगेच 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' व्हायचं. त्या वर्षी बाप्पाला निरोपसुद्धा मागणीपत्रासकट मिळत होता.

किनाऱ्यावर ओहोटी लागलेली. मी कमरेभर पाण्यात जाऊन मूर्ती तीन वेळा खालीवर केली आणि सोडली. इथपर्यंत सगळं रीतसर. आता रीत अशी, की मूर्ती जिथे बुडाली तिथलीच मूठभर वाळू बुडी मारून काढायची, पाटावर ठेवायची आणि घरी आणायची. मग घरच्या चार कोपऱ्यांत ती थोडी थोडी टाकायची आणि चिमूटभर तांदळाच्या डब्यात. म्हणजे वर्षभर घरात बरकत. भाऊ ते मन लावून करायचा. मी पाण्यातून बाहेर आलो, अंग पुसलं, विडी पेटवली आणि वाळू साफ विसरलो.

विसरलो, कारण समोर एक मेलेला झार पडला होता. झार म्हणजे कोळ्यांचा शब्द, कॉलेजात त्याला जेलीफिश म्हणतात. परातीएवढा, तांबूस रेघांचा, खाली झिरमिळ्या लोंबत असतात तसला. पाण्यात छत्रीसारखा उघडमीट करत जातो, बघत राहावा असा. वाळूवर आला की त्याची सगळी शान जाते आणि ताटात सांडलेल्या खळीसारखा पसरतो. मित्रांनी विचारलं हे काय, आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला.

मी काठीने त्याला उलटापालटा करत व्याख्यान दिलं. आमचे सर वर्गात सांगायचे तेच, आवाजासकट. याला मेंदू नाही, हृदय नाही, हाडं नाहीत. अंगात बहुतेक सगळं पाणीच. मेंदूऐवजी अंगभर मज्जातंतूंचं विरळ जाळं, त्याच्यावर पोहणं, कलणं, घास तोंडाकडे नेणं सगळं निभावतं. रक्तच नाही तर हृदय हवं कशाला, पातळ कातडीतून हवा मिळते आणि पोटातलं अन्न पोटाच्या नळ्यांतूनच अंगभर फिरतं. हाडांचं काम पाणी करतं, तेच त्याला उचलून धरतं. तोंड एकच, खायचं त्यातूनच आणि टाकायचंही त्यातूनच. एक मित्र म्हणाला, म्हणजे आमच्या गिरणीतला मुकादम. दुसरा म्हणाला, छे, हा तर दिल्लीत बसतो. हसून हसून पुरेवाट झाली. मग पहिल्याने विचारलं की हा चावतो म्हणतात ते खरं का? मी काठीने एक झिरमिळी उचलून दाखवली आणि म्हणालो, "जिवंतपणी. आता मेला, आता काय डसतो!"

एवढं ज्ञान पाजळून झाल्यावर मला वाळू आठवली. पुन्हा पाण्यात कोण जाणार? इराण्याकडचा चहा डोळ्यांपुढे दिसत होता. मी पायाजवळची ओली वाळू दोन्ही हातांनी ओरबाडली, पाटावर टाकली आणि वर एक फूल ठेवलं. मित्रांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

घरी आईने पाट ओवाळून घेतला आणि वहिनीला वाळू कोपऱ्यांत टाकायला सांगितली. तिने तीन कोपरे केले, चौथा केला, मग तांदळाच्या डब्यात टाकायला मूठ उचलली आणि किंचाळली. वाळू मुठीतून तिच्या मनगटावर ओघळली होती. डबा कलंडला, तांदूळ सगळीकडे. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते तिथे, माळेसारखे लाल वळ उठत होते. आईने तांब्याभर नळाचं पाणी हातावर ओतलं आणि पदराने खसाखसा चोळलं. वहिनी आणखीच ओरडायला लागली. वळ कोपरापर्यंत चढले.

शेजारणी जमल्या. कोणी म्हणाली इंगळी असेल, कोणी म्हणाली गोम. वाळू उसकटून पाहिली, त्यात काहीच नाही. बाप्पाच्या वाळूत असणार तरी काय! मग आईने वहिनीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आईला सगळ्यांच्या तारखा पाठ असत. ती शांतपणे, सगळ्यांसमोर म्हणाली, "खरा सांग गो. तू लांब होतंस काय?"

वहिनीने मान हलवली. नाही.

आईचा विश्वास बसला नाही. विटाळात देवाचं केलंन, मोदक केलेन, नैवेद्य केलान, म्हणून बाप्पाने जाता जाता हिचा हात धरला. आणि तोही ऋषीपंचमीला! म्हणून लेक सुटत नाही. एकदा गाडी सुरू झाली की आईला मधलं स्टेशन नसायचं. रात्र व्हायच्या आत लालबागला निरोप गेला: रविवारी सकाळी येऊन भाचीला घेऊन जा आणि माहेरी पोचवा. किती दिवसांसाठी, ते निरोपात नव्हतं. आमच्या चाळीत असं पाठवलेली एक बाई होती. तिचा नवरा आता दुसरीबरोबर त्याच खोलीत राहत होता, आणि आई त्याच खोलीत हळदीकुंकवाला जात होती. वहिनीलाही हे ठाऊक होतं. ती कोपऱ्यात बसून, सुजलेल्या हाताने, सांडलेले तांदूळ गोळा करत होती.

आणि मी? वळ पाहिल्याबरोबर मला किनाऱ्यावरचा झार आठवला होता. कळलं होतं मला. पण ते तोंडातून काढायचं तर ही वाळू बाप्पाखालची नाही, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून दोन कोपऱ्यांतली वाळू चिमटीने, कागद धरून, बाटलीत भरली आणि गप बसलो. दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी ट्राम पकडून कॉलेज गाठलं.

सरांना सगळं सांगितलं. सर भिंगाखाली वाळू पाहून म्हणाले, "हा बघ तुझा देव." वाळूच्या कणांत केसासारखा एक तंतू, बोटाच्या पेराएवढा. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्याच्यावर बारीक बारीक डब्या दाटीवाटीने बसलेल्या. प्रत्येक डबीत गुंडाळी करून ठेवलेली एक पोकळ नळी, आत विष, आणि डबीत दाब इतका की झाकण उघडायचाच अवकाश. बाहेर एक केस. त्याला काही लागलं, कातडीचा, माशाचा वास लागला, की झाकण उघडतं आणि नळी उलटी होऊन बाहेर सुटते. काही डब्या आधीच सुटलेल्या होत्या, बऱ्याच अजून भरलेल्या. सरांनी कडेने गोड्या पाण्याचा थेंब सोडला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पाच-सहा नळ्या सटासट बाहेर आल्या. गोडं पाणी आत शिरतं आणि दाब वाढतो, सर म्हणाले. मला आईचा तांब्या आठवला.

मी विचारलं की सर, पण तो तर मेला होता. सर असे पाहायला लागले, जणू मी सात वर्षं बाटल्याच पुसल्या हे त्यांना आत्ता कळलं. मग म्हणाले, "अरे, त्याला मेंदूच नाही. डस म्हणून हुकूम देणारं कोणी नाही, थांब म्हणणारंही नाही. प्रत्येक डबी आपल्या मर्जीची. धनी मेला हे तिला कोण सांगणार?"

उपाय काय, तेही सांगितलं. गोडं पाणी नाही, चोळणं नाही. तंतू चिमट्याने उचलायचे, समुद्राच्या पाण्याने धुवायचं, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात हात ठेवायचा. मी तो तंतू समुद्राच्या पाण्याच्या कुपीत घातला आणि कुपी, सोबत एक चिमटा, खिशात टाकला.

संध्याकाळी मी आईला डब्या, नळ्या, दाब सगळं समजावलं. फक्त वाळू कुठली ते सोडून. आईने भाकरी थापताना ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: बाप्पाखालच्या वाळूत हे लचांड आलं कसं? माझ्याजवळ उत्तर होतं. मी ते गिळलं. लाज वाटते आज लिहायला, पण गिळलं. वहिनीने मात्र सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात हात ठेवला आणि म्हणाली, जरा बरं वाटतंय. तिची ट्रंक भरून दाराजवळ ठेवलेली होती.

रविवार उजाडला. गणपती गेल्यावर अख्खी चाळ माशासाठी हपापलेली असते, त्यामुळे आमची नेहमीची कोळीण सकाळी जिन्यात आली तेव्हा बायकांचा गराडा पडला. त्याच वेळी लालबागचा मामा आला. डोक्यावरची टोपी काढून, खाली मान घालून आमच्या दारातल्या खुर्चीच्या टोकाला बसला, जणू माल खराब निघाला म्हणून दुकानदाराला परत बोलावलं होतं. मला ते पाहवेना. वहिनी टोपलीतले बांगडे घ्यायला हात पुढे करत होती आणि कोळणीने तिचं मनगट धरलं. पाहिलं, नाक मुरडलं आणि पापलेट कापता कापता म्हणाली की ह्या पोरीला झार लागलाय, कुठे गेली होती पाण्यात?

आई म्हणाली, पाण्यात नाही गेली, वाळूने झालं. कोळीण म्हणाली, मग वाळूत झार होता. आई म्हणाली, मेलेला झार कसा लागेल? कोळीण हसली. तिच्या नवऱ्याची जाळी उन्हात वाळून कडक झाली, तरी दुसऱ्या दिवशी पाणी लागलं की हात पेटतात, असं तिने सांगितलं. मेलेल्याला काय कळतं आपण मेलोय ते! सरांनी अर्धा तास सांगितलेलं तिने सुरी न थांबवता सांगितलं.

आईचा चेहरा जरा हलला. पण ती माझी आई. म्हणाली, "पण बाप्पाच्या पायाखाली?" आणि सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या, कारण वाळू आणली होती मी.

आता सुटका नव्हती. मी सांगितलं. वाळू बाप्पाखालची नाही. मी बुडी मारली नाही. कडेची उचलली, मेलेल्या झाराशेजारची, त्याला काठीने मीच विस्कटलं होतं, चहाची घाई होती. आईने कपाळावर हात मारला. मला वाटलं आता चुलीजवळची सांडशी येते अंगावर. पण ती पुन्हा वहिनीकडेच वळली. म्हणजे वाळूही गेली, बरकतही गेली, आणि हिचं खरं-खोटं तसंच राहिलं. नाहीतर सगळ्यांना सोडून हिलाच कसा लागला?

माझं डोकं फिरलं. मी खिशातली कुपी काढली, चिमट्याने तो तंतू उचलला आणि सगळ्यांसमोर डाव्या हाताच्या आतल्या बाजूला ठेवला. वर आईच्याच तांब्यातलं गोडं पाणी ओतलं. दोन क्षण काही झालं नाही, आणि मग जे झालं! तापलेली तार टेकवावी तसं. डोळ्यांत पाणी आलं, शिव्या आल्या, त्या मी बायकांसमोर कशातरी आवरल्या. तिथेच वळ उठले, तसेच, माळेसारखे. मी हात आईच्या नाकासमोर धरला आणि म्हणालो, "आता सांग. मी पण लांब बसू का चार दिवस?"

कोळीण खदाखदा हसली. मग एक शेजारीण, मग सगळा जिना. खुर्चीवर बसलेला मामासुद्धा टोपीआड हसला. आई हसली नाही. ती बराच वेळ माझ्या हाताकडे आणि मग वहिनीच्या हाताकडे पाहत राहिली. शेवटी कोळणीला म्हणाली, बांगडे सहा दे, पाहुणे जेवून जातील. मग वहिनीला म्हणाली, ट्रंक आत घे गो, वाटेत आहे. एवढंच. माफी हा प्रकार आमच्या घरी बांगड्याच्या तिखल्यात घालून मिळायचा.

मामा पोटभर जेवला आणि एकटाच परत गेला. दुपारी आई लवंडली. वहिनी गॅलरीत सुपात तांदूळ घेऊन बसली. तांदळात मिसळलेली वाळू दोन दिवस निवडत होती ती, चिमट्याने, माझ्या सांगण्यावरून. मी गरम पाण्याच्या पातेल्यात हात घालून शेजारी बसलो होतो, हिरो असल्यासारखा. आता आभार मानेल असं मला वाटत होतं.

तिने विचारलं की त्या झाराला खरंच डोकं नसतं का. मी म्हणालो, नसतं. काळीज पण नाही? नाही. म्हणजे कोणाला डसायचं, कोण चांगलं कोण वाईट, कोण कसं आहे, हे त्याला कळत नाही? मी म्हणालो, काहीच कळत नाही, कातडी लागली की झालं. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली.

"भावोजी," ती म्हणाली, "मी लांबच होते. चतुर्थीच्या पहाटेपासून."

मी तिच्याकडे पाहिलं. ती सुपाकडे पाहत सांगत होती. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मोदक करायला दुसरं कोणी नव्हतं. आणि ह्यांच्यासाठी काहीतरी मागायचं होतं बाप्पाकडे, ते चार दिवस थांबलं असतं तर बाप्पाच गेला असता. म्हणून कोणाला सांगितलं नाही. उकड काढली, नैवेद्य वाढला, फुलं वाहिली. काही झालं नाही. दिवा नीट तेवला. "तुम्ही अकरा खाल्लेत," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच, सात महिन्यांत पहिल्यांदाच, माझ्याकडे पाहून मोकळं हसली. सांगण्याजोगा माणूस तिला घरात सापडला होता. शिकलेला, विटाळावर हसणारा, तिच्यासाठी हात भाजून घेणारा.

आणि मी, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतला, बेडूक चिरणारा, मी मागे सरकलो. वीतभरच. विचार केला नाही, कोणी हुकूम दिला नाही, अंग आपलं आपण सरकलं. पातेल्यातलं पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं.

तिने ते पाहिलं. तिचं हसू होतं तिथेच थांबलं. मी घाईघाईने म्हणालो की पाणी फार गरम होतं. ती म्हणाली, असेल. मग तिने सूप उचललं, माझ्यापासून थोडं पलीकडे ठेवलं आणि तांदूळ निवडायला लागली.